परब सरांनी सांगितलेलं पत्र

खाकी पिशवीतून शुभाने चार वस्तू काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली, एक छापील इंग्रजी फॉर्म. वरचा भाग निळ्या शाईने भरलेला, खालचा कोरा. दुसरी, अमेरिकेतल्या एका कॉलेजचा पत्ता टाइप केलेलं रिकामं पाकीट. तिसरी, वहीतून फाडलेला कागदाचा तुकडा, त्यावर अर्जाची शेवटची तारीख, १५ जानेवारी, आणि खाली दोन रेघा. चौथी वस्तू म्हणजे बंद लिफाफा. त्याच्या झाकणावर आडवी सही होती, अर्धी झाकणावर, अर्धी खालच्या कागदावर. मध्ये कुणी लिफाफा उघडला तर सही जुळू नये, एवढ्यासाठी.

"सही तोडावी लागेल," शुभा म्हणाली. "भाषांतर करायचं तर वाचायला हवं ना."

"तोडा ना ताई," समोर उभी असलेली मुलगी म्हणाली. "सर म्हणाले, भाषांतर झालं की परत घेऊन ये, पुन्हा बंद करून सही देतो."

मुलीचं नाव रत्नप्रभा कोळी. मढची. रोज होडीने खाडी ओलांडून वर्सोव्याला यायचं आणि तिथून बसने अंधेरी गाठायची, असं तिचं दहावीपर्यंत चाललं आणि आता बारावीतही तेच चालू होतं. अमेरिकेतलं ते कॉलेज वर्षाला मोजक्या परदेशी मुलांचा सगळा खर्च उचलतं, हे तिला लायब्ररीतल्या एका पुस्तकातून कळलं होतं. कॉलेजची अट अशी की, निदान दोन वर्षं शिकवलेल्या शिक्षकाचं शिफारसपत्र हवं. ज्युनियर कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं. तिथल्या प्राध्यापकांना तिचा चेहराही ठाऊक नव्हता. म्हणून ती शाळेतल्या विज्ञानाच्या परब सरांकडे गेली. आणि परब सर मराठीतच लिहिणार. ज्या भाषेत शब्दाचं वजन कळत नाही, त्या भाषेत मी कुणाची शिफारस करत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे.

"वहीत नाव-पत्ता लिही," शुभाने रजिस्टर पुढे केलं. "तुझ्या हाताने. आणि परवा चार वाजता ये."

मुलीने नाव लिहिलं आणि गेली. ती गेल्यावर शुभाला एक गोष्ट खटकली. या टेबलापाशी जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नाचे दाखले घेऊन रोज माणसं येतात. शिफारसपत्र घेऊन येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: ताई, चांगलं लिहिलंय ना? या मुलीने विचारलं नाही.

शुभा नाईक रसायनशास्त्राची पदवीधर. प्रयोगशाळेत नोकरी मिळेपर्यंत म्हणून ती कुंडलिक म्हात्रे यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये भाषांतरं करायला बसली, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ही जागा. आतल्या खोलीत मुलं टाइपरायटरवर हात बसवायची, बाहेरच्या खोलीत शुभाचं टेबल. प्रत्येक भाषांतराखाली ती एक ठरलेलं वाक्य टाइप करी: मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा येतात, आणि सोबतच्या मराठी कागदाचं हे खरं आणि पूर्ण भाषांतर आहे. त्याखाली कोर्टाजवळच्या नोटरीसमोर तिची सही, मग त्याचा शिक्का. नोटरी फक्त एवढंच सांगायचा की ही सही शुभा नाईकचीच आहे. बाकी सगळी जबाबदारी शुभाची.

तिने पट्टीने लिफाफ्याचं झाकण सोडवलं. आत एकच पान होतं.

"कु. रत्नप्रभा हरेश्वर कोळी ही आठवी ते दहावी माझ्याकडे विज्ञान शिकली. हजेरी नियमित. वही स्वच्छ. दहावीत तिने मढच्या जेट्टीपाशी खाडीच्या पाण्यातील क्षारांचे मोजमाप केले. त्यातील एक नोंद तिने न मोजता लिहिली. त्या आठवड्यात शाळेचा तराजू दुरुस्तीस गेलेला होता, हे ती विसरली. तिच्याकडून सर्व काम पुन्हा करून घेतले. पुढील शिक्षणास ती पात्र आहे, असे वाटते."

खाली सही, का. रा. परब, आणि शाळेचा गोल शिक्का.

शुभाने पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. ही शिफारस? दुकानात नोकर ठेवतानासुद्धा माणूस याहून बरं बोलतो. म्हाताऱ्याचा पोरीवर काहीतरी राग दिसतोय, असं तिला वाटलं. मग तिने पत्र पुन्हा वाचलं, आणि या वेळी तिचं लक्ष शब्दांवर नव्हतं, अक्षरावर होतं.

अक्षर तरुण होतं. गोल, सुटं, डावीकडे किंचित झुकलेलं. खालची सही मात्र टोकदार, घाईची, उजवीकडे धावणारी. शुभाने रजिस्टर ओढलं. शेवटच्या ओळीत रत्नप्रभाने लिहिलं होतं: कु. रत्नप्रभा हरेश्वर कोळी, मु. मढ. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. 'कु.'चा लांबवलेला उकार तोच, 'प्र'ची रेघ तीच, 'श्व'ची गाठ तीच.

पत्र मुलीनेच लिहिलं होतं.

शुभाने फॉर्म उचलला. वरच्या भागात, नावाखाली, एक छापील वाक्य होतं. शिक्षकाने माझ्याविषयी काय लिहिलं आहे ते पाहण्याचा हक्क मी सोडून देत आहे. त्यासमोर चौकटीत खूण, आणि पुढे स्वच्छ अक्षरात सही: रत्नप्रभा कोळी.

"कुंडलिककाका," तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, "जरा या ना."

कुंडलिक म्हात्रे चष्मा कपाळावर चढवत आले. दोन्ही कागद त्यांनी उजेडात धरले, फॉर्म पाहिला, आणि खुर्ची ओढून बसले.

"वाट लागली," ते शांतपणे म्हणाले. "हीपण गेल्या वर्षीच्या त्या पोराची बहीण."

गेल्या वर्षी एका मुलाने तीन दाखले आणले होते, तिन्ही खोटे. शुभाने इमानाने भाषांतर केलं. पाच महिन्यांनी परदेशातून पत्र आलं की, मूळ कागद बनावट आहेत, तुमच्या संस्थेचं काय म्हणणं आहे. कुंडलिककाकांना तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, हा नियम तेव्हापासूनचा.

"पण काका, खोटं पत्र लिहायचं तर कुणी असं लिहील? स्वतःचीच चोरी सांगून?"

"तीच तर हुशारी. सगळंच गोड लिहिलं तर साहेब लोकांना संशय येतो. थोडं कडू टाकलं की औषध खरं वाटतं." त्यांनी बोटाने पत्रावर टिचकी मारली. "आणि बघ ना काय लिहिलंय, न मोजता आकडा लिहिला. जी पोरगी आकडा बनवते ती पत्र नाही बनवणार?"

"सही आणि शिक्का तर खरा दिसतो."

"कोऱ्या कागदावर सही घेतली असेल. मास्तर लोक देतात. तूच लिहून आण बाळा, मी सही करतो. माझ्या पुतण्याला दिलीच होती त्याच्या मास्तरांनी." ते उठले. "तू आपलं सरळ भाषांतर करून टाक. आपण भाषांतराची सही करतो, मजकुराची नाही."

"मग अक्षराचं काय करू? कागदावर जे जे दिसतं ते ते लिहायचं, शिक्कासुद्धा, असं तुम्हीच शिकवलंत. मजकूर एका हाताचा, सही दुसऱ्या हाताची. हे लिहिलं तर पोरीचा अर्ज तिथेच संपला. नाही लिहिलं तर पूर्ण भाषांतर म्हणून मी सही कशी करू?"

कुंडलिककाकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत एक मुलगा एकाच बोटाने खटखट करत होता. "मग काम परत कर," ते म्हणाले. "सांग, टाइम नाही."

काम परत करणं सोपं होतं. पण अर्धवट उत्तराचा कागद शुभाला कधी खाली ठेवता आला नव्हता. कॉलेजात असताना बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की बाकीच्या मुली त्यातला क्षार ओतून टाकायच्या. ही तेवढ्यासाठी उशिरापर्यंत थांबून ते काय आहे ते शोधून काढायची.

ठरल्याप्रमाणे रत्नप्रभा आली. या वेळी शुभाने तिला बसायला सांगितलं. पत्र आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवले नाहीत, रजिस्टर तेवढं उघडं ठेवलं.

"हे पत्र कुणी लिहिलं गं?"

"परब सरांनी."

"कुणाच्या हाताने?"

मुलीने रजिस्टरकडे पाहिलं, मग शुभाकडे. "माझ्या," ती म्हणाली. लपवण्याचा प्रयत्नही तिने केला नाही, आणि शुभाला तेच जास्त संशयास्पद वाटलं.

"आणि फॉर्मवर सही केलीस की पत्र बघणार नाही म्हणून."

"ती आधी केली होती, ताई. मग फॉर्म घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, बस, कागद घे, सांगतो ते लिही. मी लिहिलं."

"तू त्यांना सांगितलं नाहीस? की मी बघायचं नाही म्हणून?"

रत्नप्रभाने शुभाकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच कळला नाही. "सर लिही म्हणाले," ती सावकाश म्हणाली. "सरांना नाही कसं म्हणायचं?"

"आणि ते तराजूचं? तेपण त्यांनीच सांगितलं?"

"हो."

"आणि तू लिहिलंस."

"समोर बसले होते ना. आणि खोटं थोडंच आहे. मी केलंच होतं तसं."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण त्यांना वाटलं म्हणजे बरोबरच असेल. ताई, याने अर्ज जाणार नाही का?"

"मला सरांना भेटावं लागेल."

मुलगी एकदम सरळ बसली. "सरांना नका विचारू. त्यांना वाटेल मीच तक्रार केली."

झालं. आता तर जाणं भागच होतं.

शाळा वर्सोव्याच्या रस्त्याला होती. दुपारच्या सुट्टीत शुभा पोचली तेव्हा परब सर प्रयोगशाळेत एकटेच होते. टेबलावर परीक्षानळ्यांची रांग आणि ते प्रत्येक नळी उजेडाकडे धरून, तडा गेलेली बाजूला काढत होते. पन्नाशी ओलांडलेले, काटक, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शुभाने नाव सांगितलं, काम सांगितलं.

"लिफाफा कुणी उघडला?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"मी. भाषांतरासाठी."

"आणि तुम्ही भाषांतर करणाऱ्या कशावरून? उद्या कोणीपण येऊन सांगेल. पोरीने पाठवलं?"

"नाही. उलट जाऊ नका म्हणाली."

"का? घाबरली?"

"हो."

"मगे काहीतरी असंल," परब सर म्हणाले, आणि संशयाने तिच्याकडे बघत राहिले. "शिक्षण काय तुमचं?"

"बी.एस्सी., केमिस्ट्री."

"खाडीचं पाणी आटवलं, बशीत मीठ राहिलं. ते उघडं ठेवून थंड केलं आणि वजन केलं. वजन बरोबर येईल?"

"जास्त येईल. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. झाकून, कोरड्या हवेत थंड करायला हवं."

"बस," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी एक स्टूल पायाने पुढे सरकवलं. तिथून पुढे त्यांनी तिला तू म्हणायला सुरुवात केली.

शुभाने पत्र बाहेर काढलं. "सर, हे तुमचं पत्र. अक्षर रत्नप्रभाचं आहे."

"मग? मी सांगितलं, तिनं लिहिलं."

"असं का?"

"माझी पद्धत आहे." त्यांनी कपाटातून कुठल्याशा मुलाची प्रयोगवही काढून उघडली. पानाच्या तळाशी चौकटीत पोराच्या अक्षरात लिहिलं होतं: तापमापी तळाला टेकवली, म्हणून चूक. शेजारी टोकदार सही. "ज्याची चूक त्यानं आपल्या हातानं लिहायची. मी नुसती सही करतो. मी लिहिली तर पोरगं विसरतं. स्वतः लिहिली की जन्मभर राहते. पंचवीस वर्षं हेच करतोय. दाखल्यावर शेरा असला तरी पोराकडूनच लिहून घेतो."

"पण हा दाखला नाही सर, शिफारसपत्र आहे."

"त्यात फरक काय?"

शुभाने फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला, ते छापील वाक्य बोटाने दाखवलं आणि मराठीत सांगितलं. अर्जदाराने पत्र पाहायचं नाही. तिने तसं लिहून दिलं आहे. पत्र शिक्षकाने एकट्याने लिहायचं, बंद करायचं, सही करायची.

परब सरांनी फॉर्म जवळ घेतला. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती सावकाश, एकेक अक्षर लावत वाचली.

"म्हणजे तिला कधीच कळणार नाही, मी काय लिहिलं?"

"नाही."

"नंतर पण नाही?"

"नाही."

"लोक हुशार आहेत," ते म्हणाले. मग टेबलावरची एक नळी उचलून तिचा काठ अंगठ्याने चाचपत बसले. "हे आधी कोण सांगणार? आमचं इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं. पोरीनं पण सांगितलं नाही."

"तिला वाटलं, तुम्हाला नाही कसं म्हणायचं."

"ता पण खरा," ते पुटपुटले.

शुभाने मनात होतं ते विचारलं. "सर, तुम्हाला ती आवडत नाही का?"

"कोणी सांगितलं?"

"पत्राने. त्यात चांगलं असं काहीच नाही. हजेरी आणि स्वच्छ वही."

"अगो, ती समोर बसली होती," परब सर म्हणाले, जणू शुभालाच एवढंही कळू नये. "समोर पोर बसलंय, हातात पेन आहे, आणि मी त्याला सांगू, लिही, मी हुशार आहे, मी अशी आहे, मी तशी आहे? तोंडावर कौतुक केलं की पोर वाया जातं. माझ्या बापानं मला कधी बरा म्हटलं नाही, मी माझ्या पोरांना म्हटलं नाही. तिला कसं म्हणू?"

"मग ते कॉलेजला कसं कळणार?"

त्यांनी उठून कपाटातून फूलस्केप कागद काढले. "त्या चौकटींत काय आहे?" फॉर्मच्या खालच्या कोऱ्या भागाकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं.

"मुलगी वर्गात कितव्या टक्क्यांत बसते, त्याच्या खुणा."

"पोरं चौकटीत बसत नाहीत. तिथं लिही, पत्र वाचावे. आता तू बाहेर जाऊन बस. एकट्यानं लिहायचं म्हणालीस ना."

शुभा व्हरांड्यात बसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गांत गेली, कुठल्याशा वर्गातून पाढे ऐकू येऊ लागले. मध्येच एकदा प्रयोगशाळेचं दार उघडून सरांनी शिपायाला सांगितलं, नववी ब ला म्हणावं, गप बसून वाचा. आणि दार पुन्हा लावून घेतलं.

तास संपत आला तेव्हा त्यांनी तिला आत बोलावलं. फूलस्केपची चार पानं, दोन्ही बाजूंनी, टोकदार अक्षरात. प्रत्येक पानाखाली सही, शेवटी शिक्का.

"जुनं फाडून टाकू?" शुभाने विचारलं.

"फाडायचं नाही. वहीतलं पान कोणी फाडत नाही. तेपण जाऊ दे, हेपण जाऊ दे. ते तिनं का लिहिलं तेपण मी यात सांगितलंय."

इन्स्टिट्यूटमध्ये परतल्यावर शुभा वाचायला बसली, आणि तिने पेन्सिल हातात घेतली, कारण अजूनही तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. माणूस दबावाखाली काहीही लिहितो. कोणीतरी अंधेरीहून येऊन म्हणतं, तुमच्या पत्रात चांगलं काही नाही. आणि चार पानं भरतात. तिने पहिल्या पत्रातली प्रत्येक गोष्ट नव्या पत्रात शोधली आणि सापडेल तिथे खूण केली. हजेरी होती. वही होती. तराजू होता, आणि त्याची तारीखही.

मग तिसऱ्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

"तराजूची चूक मी पकडली, हे खरे. परंतु त्यानंतर आठ दिवसांनी ती आपणहून माझ्याकडे आली व आणखी दोन नोंदी खोट्या आहेत असे सांगून त्या तिने माझ्यासमोर खोडल्या. त्या दोन नोंदी मला कधीच सापडल्या नसत्या. त्या खोडल्यामुळे तिला विज्ञान मेळाव्यात भाग घेता आला नाही. मी तिला त्या वेळी फक्त इतकेच म्हणालो की, ठीक आहे, पुन्हा कर. तिने पावसाळा संपेपर्यंत भरती-ओहोटी पाहून सर्व मोजमापे पुन्हा केली. माझ्या नोकरीत मला पकडता आलेल्या चुका पुष्कळ आहेत. कोणी आपणहून आणून दिलेली चूक ही एकच. हे मी तिला कधी बोललो नाही."

कुंडलिककाका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वाचलं.

"आता भरलं मास्तरांनी," ते म्हणाले. "तू गेलीस म्हणून. काल पात्र आहे असे वाटते, आणि आज एवढं रामायण. कुठलं खरं?"

"माहीत नाही."

"मग?"

"दोन्ही पाठवते. टीप घालते. पहिलं पत्र शिक्षकाने सांगितलं, अर्जदाराने लिहिलं. दुसरं शिक्षकाने स्वतः लिहिलं, अर्जदाराने पाहिलेलं नाही. मला दिसलं तेवढं मी लिहिते. ठरवायचं ते त्यांनी ठरवावं."

"टीपेत इन्स्टिट्यूटचं नाव नको घालूस."

"लेटरहेडवरच आहे, काका."

"तूच एक दिवस माझी इन्स्टिट्यूट बुडवणार आहेस," ते म्हणाले, आणि आत जाऊन स्वतः तिच्यासाठी नवा कार्बन काढून दिला.

टाइप करायला दोन दिवस लागले. 'आपणहून आणून दिलेली चूक' या शब्दांवर ती सगळ्यात जास्त अडली. दिलेली की कबूल केलेली? सरांनी कबूल हा शब्द वापरलेला नव्हता. कबुली द्यायला कुणीतरी पकडावं लागतं. तिने शेवटी साधंच ठेवलं: आणून दिलेली. नोटरीने टीप वाचली, भुवई वर केली, सही तिचीच आहे ना एवढं विचारलं आणि शिक्का मारला. मग ती पुन्हा शाळेत गेली. परब सरांनी दोन्ही मूळ पत्रं, दोन्ही भाषांतरं, तिचं प्रमाणपत्र आणि फॉर्म कॉलेजच्या पाकिटात घातले, डिंक लावला, आणि झाकणावर आडवी सही केली. या वेळी सही करताना त्यांनी पाकीट चांगलं दाबून धरलं.

"तिला दे," ते म्हणाले. "पोस्टात तिनंच टाकू दे. आणि काही बोलू नकोस."

रत्नप्रभा पोस्टाच्या पायऱ्यांपाशी थांबली होती. बाजूला तिची आई सखुबाई, डोक्यावरची रिकामी टोपली काखेत घेऊन. मासळी विकून ती बाजारातून सरळ इथे आली होती.

"हाच काय तो कागद?" सखुबाईने शुभाला विचारलं. "याच्यासाठी पोरगी चार दिस जेवली नाय."

शुभाने पाकीट रत्नप्रभाच्या हातात दिलं. मुलीने ते घेतलं आणि तिचा हात किंचित खाली गेला. तिने बोटांनी जाडी चाचपली. झाकणावरच्या सहीवरून बोट फिरवलं, पण ती सुटेल म्हणून लगेच मागे घेतलं.

"एक पान होतं," ती म्हणाली.

"भाषांतर आहे ना सोबत."

"एका पानाचं भाषांतर एवढं जाड होतं?" तिने शुभाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "सर भेटले का तुम्हाला? त्यांनी अजून लिहिलं?"

"ते मला सांगता येत नाही. तूच सही केली आहेस."

"अजून दोन आकडे होते," रत्नप्रभा हळू आवाजात म्हणाली. "तेपण लिहिले असतील. सगळंच लिहिलं असेल त्यांनी." तिने पाकीट छातीशी धरलं. "ताई, एवढंच सांगा, टाकू की नको?"

सरांनी बोलू नको म्हटलं होतं, फॉर्मवर सही होती, आणि शुभाच्या स्वतःच्या टीपेत लिहिलं होतं की अर्जदाराने पाहिलेलं नाही. त्यातलं काहीही या क्षणी मोडणं अवघड नव्हतं. मुलीची नजर हलली नाही, ती शुभाच्या तोंडावर काही दिसतंय का ते शोधत होती. शुभाने तोंड कोरं ठेवलं.

"टाक," ती म्हणाली. "मी असते तर टाकलं असतं."

"तुम्हाला माहिती आहे म्हणून म्हणता, की असंच म्हणता?"

"लाइन वाढत चालली," शुभा म्हणाली.

"टाक ना गं," सखुबाई म्हणाली. "काय लिवलंय ते लिवलंय. घरी नेऊन काय त्याची चटणी करायची?"

रत्नप्रभा रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस तीन मनीऑर्डरी करत होता, त्यामुळे वेळ लागला. त्या वेळात तिने पाकीट दोनदा उजेडाकडे धरून पाहिलं. कागद जाड होता, आतलं काही दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा ती मागे वळली, शुभाकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं. खिडकीपाशी पोचल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"रजिस्टर एअरमेल," ती म्हणाली, आणि पाकीट जाळीखालून आत सरकवलं.

कारकुनाने पत्ता वाचला, झाकणावरची सही पाहिली, पाकीट उलटं-सुलटं केलं आणि काट्यावर ठेवलं. काटा हलला, थांबला.

"अठ्ठावन्न ग्रॅम," तो म्हणाला.